विश्लेषण : ‘ही फक्त मैत्रीण आहे’… ओळख करून देताना निसटलेला शब्द नेमके काय सांगतो?

समजा, डिसेंबरातल्या एका रविवारी नाशिकला एका लग्नाचे रिसेप्शन आहे. पुण्याहून एक जोडपे आले आहे. तो ३१ वर्षांचा, ती २९ची. अडीच वर्षांपासून एकत्र आहेत आणि गेले १४ महिने एकाच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. लग्न त्याच्या कॉलेजमधल्या मित्राचे आहे. त्यामुळे हॉलमधली बहुतेक माणसे त्याच्या ओळखीची आणि तिला नवी.

त्या संध्याकाळी तिची ओळख चार वेळा होते. कॉलेजच्या कंपूसमोर तो फक्त तिचे नाव घेतो. त्यांना बाकीचे ठाऊक आहे. नवऱ्या मुलाची आई समोर येते तेव्हा म्हणतो, ‘‘काकू, ही माझी मैत्रीण, पुण्याची.’’ या काकू आणि त्याची आई एकाच भिशीत आहेत. स्टेजवर फोटोग्राफर ओरडतो, ‘‘दादा, वहिनींना जरा इकडे घ्या.’’ तो हसतो आणि तिला जवळ घेतो. दुरुस्ती करत नाही.

चौथी ओळख जेवणाच्या रांगेत होते. त्याच्या कंपनीच्या हैदराबाद कार्यालयातले एक वरिष्ठ योगायोगाने त्याच लग्नाला आलेले. तिच्याकडे बघून ते नुसते ‘हॅलो’ म्हणतात. त्यावर तो चटकन म्हणतो, ‘‘शी इज जस्ट अ फ्रेंड.’’ मग दोघे कामाविषयी पंधरा मिनिटे बोलत राहतात आणि ती ताट हातात धरून बाजूला उभी.

परतताना संगमनेर मागे पडल्यावर ती विषय काढते. तो म्हणतो, ‘‘अगं, असंच निघून गेलं तोंडातून. त्यात काय एवढं?’’

अनेक जोडप्यांत हा प्रसंग या ना त्या रूपात घडतो. एकाला तो विसरण्याजोगा वाटतो, तर दुसऱ्याला रात्रभर झोप येत नाही. पण ‘असंच निघून गेलं’ हे कितपत खरे असू शकते, हे तपासून पाहता येते.

शब्द खरोखरच ‘असाच’ निघून जातो का?

जातो. घराघरात याचे उदाहरण आहे. आजीला धाकट्या नातवाला हाक मारायची असते आणि ती आधी मोठ्याचे, मग मुलाचे, मग भाच्याचे नाव घेऊन शेवटी योग्य नावावर पोहोचते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये याच चुकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. १,७०० हून अधिक लोकांच्या उत्तरांतून एक गोष्ट दिसली : चुकून घेतलेले नाव बहुधा त्याच ‘कप्प्यातले’ असते. घरच्या माणसाऐवजी घरच्याचे आणि मित्राऐवजी मित्राचे नाव येते. काही जणांना तर घरातल्या कुत्र्याच्या नावाने हाक मारली गेली होती. म्हणजे कुत्रा त्यांच्या मनात घरच्यांच्याच कप्प्यात होता.

नात्याच्या नावांचेही असेच होते. बोलताना मेंदू एका अर्थाच्या जवळजवळचे अनेक शब्द एकदम जागे करतो आणि त्यातला एक निवडतो. जो शब्द जास्त वापरातला, जास्त सवयीचा, तो कधी कधी रांग मोडून पुढे घुसतो. ती त्याची आधी दोन वर्षे ऑफिसमधली मैत्रीण असेल आणि प्रेयसी नंतर झाली असेल, तर ‘मैत्रीण’ हे जुने लेबल घाईत आधी हाताला लागणे अगदी शक्य आहे. लग्न झाल्यावर कित्येक महिने बायकोची ओळख ‘माझी होणारी बायको’ अशी करून देणारे नवरे असतातच. त्यात कोणी खोल अर्थ शोधत नाही.

मात्र अशा खऱ्या चुकीची एक खूण असते. बोलणारा स्वतःच ती पकडतो. माणसे संभाषणात चुका कशा दुरुस्त करतात याचा पायाभूत अभ्यास इमॅन्युएल शेग्लॉफ, गेल जेफरसन आणि हार्वी सॅक्स या संशोधकांनी १९७७ मध्ये मांडला. त्यांना दिसले की दुरुस्ती बहुतेकदा बोलणाराच करतो आणि तीही लगेच, बऱ्याचदा त्याच वाक्यात. आपल्याकडे ‘म्हणजे’, ‘अरे नाही’, ‘सॉरी सॉरी’ हे शब्द याच कामाचे. ‘‘ही माझी मैत्रीण… म्हणजे, आम्ही एकत्र आहोत.’’ प्रत्येक चूक बोलणाऱ्याच्या लक्षात येतेच असे नाही. गोंगाटात, घाईत ती निसटूनही जाते. पण नाशिकच्या त्या रांगेत पुढची पंधरा मिनिटे होती. एवढ्या वेळात ‘म्हणजे’ आले नाही.

मग मनात दडलेले बाहेर आले, असे म्हणायचे का?

जीभ घसरते तेव्हा दाबून ठेवलेली इच्छा डोकावते, ही कल्पना सिग्मंड फ्रॉइडने १९०१ मध्ये लोकप्रिय केली. तिच्याच आधारे आज मैत्रिणी एकमेकींना सांगतात, ‘‘बघ, खरं काय ते बाहेर पडलंच.’’ प्रयोगांनी या कल्पनेला थोडा आधार दिला आहे. पण तो आधार इथे उलट्या दिशेला नेतो.

मायकल मोटली आणि बर्नार्ड बार्स या अमेरिकी संशोधकांनी १९७९ मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात पुरुषांना शब्दांच्या जोड्या भराभर वाचायला दिल्या होत्या. त्यांची रचना अशी, की पहिल्या अक्षरांची अदलाबदल होऊन चुका व्हाव्यात. एका गटाच्या अंगाला तारा जोडून सांगितले की विजेचा झटका बसू शकतो. प्रत्यक्षात झटका द्यायचाच नव्हता. दुसऱ्या गटासमोर एक आकर्षक तरुणी प्रयोग घ्यायला बसली होती. झटक्याच्या धास्तीत असलेल्यांच्या तोंडून विजेशी संबंधित चुका जास्त निघाल्या. ‘शॅड बॉक’ या निरर्थक जोडीचे ‘बॅड शॉक’ झाले. दुसऱ्या गटाच्या चुका शृंगारिक अर्थाकडे झुकल्या.

म्हणजे मनात जे घोळत असते त्याच्या दिशेने जीभ घसरते. आता हे नाशिकच्या प्रसंगाला लावून पाहू. एखाद्याच्या मनात ‘हिला गर्लफ्रेंड म्हणायचे नाही, म्हणायचे नाही’ असे चालू असेल, तर घसरून बाहेर पडणारा शब्द ‘गर्लफ्रेंड’ असेल. तोच दाबलेला आहे. ‘फ्रेंड’ हा दाबलेला शब्द नव्हे, तो सुरक्षित शब्द आहे. त्यामुळे ‘जस्ट अ फ्रेंड’ला फ्रॉइडची घसरण म्हणणे जमत नाही. सवयीची साधी गफलत नसेल, तर ती निवड असते. ती क्षणार्धात झालेली, कदाचित स्वतःच्याही लक्षात न आलेली असेल, पण निवडच.

‘फक्त’ने काय बिघडते?

काकूंसमोर ‘ही माझी मैत्रीण’ म्हटले आणि वरिष्ठांसमोर ‘ही फक्त मैत्रीण’. फरक एका शब्दाचा, पण दोन्ही वाक्ये वेगवेगळे काम करतात.

‘मैत्रीण’ या शब्दाने काही नाकारले जात नाही. प्रेयसी मैत्रीणही असतेच. ऐकणाऱ्याला अर्थ मोकळा राहतो आणि काकू मनात काय ते समजून घेतात. मराठीत तर ही मोकळीक फारच सोयीची आहे. ‘प्रियकर’, ‘प्रेयसी’ हे शब्द सिनेमात आणि पोलिसांच्या बातम्यांत सापडतात. काकूंसमोर ते कोणी उच्चारत नाही. ‘जोडीदार’ म्हटले की लग्न ठरल्यासारखे वाटते. ‘पार्टनर’ म्हटले तर काका विचारतात, धंदा कसला? ‘बॉयफ्रेंड’, ‘गर्लफ्रेंड’ हे शब्द मित्रांत चालतात, पण ज्येष्ठांसमोर अनेकांची जीभ तिथे अडखळते. साखरपुड्याआधीच्या नात्याला चारचौघांत घेता येईल असे नावच भाषेने ठेवलेले नाही. पूर्वीच्या बायका नवऱ्याचे नाव न घेता ‘आमचे हे’ म्हणून वेळ भागवत. आजच्या जोडप्यांना तेवढीही सोय नाही. तेव्हा नुसत्या ‘मैत्रीण’ शब्दावर रुसण्यापूर्वी दुसरा कोणता शब्द हाताशी होता, हे पाहायला हवे.

‘फक्त’, ‘नुसती’, ‘जस्ट’ किंवा शब्दाला लागणारा ‘च’ यांचे काम मात्र वेगळे आहे. ते वगळण्यासाठी येतात. ‘फक्त चहा घेईन’ असे म्हणणाऱ्याला कोणी तरी नाश्ता विचारलेला असतो, किंवा विचारतील असे त्याला वाटलेले असते. नाश्त्याचा विषयच नसेल तर माणूस ‘चहा घेईन’ म्हणतो. तसेच ‘फक्त मैत्रीण’ म्हणायला आधी ‘ही तुझी कोण?’ हा प्रश्न हवा. त्या वरिष्ठांनी तो विचारला नव्हता. म्हणजे प्रश्न त्याने स्वतःच मनात ऐकला आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे देऊन टाकले.

न विचारलेल्या प्रश्नाला दिलेला नकार हाच या प्रसंगातला लक्ष देण्याजोगा भाग आहे. मात्र तो नकार प्रेमाला होता की आणखी कशाला, हे त्या शब्दावरून कळत नाही. त्यासाठी नजर वळवावी लागते ती ऐकणाऱ्याकडे.

समोर कोण होते, याने इतका फरक का पडतो?

माणूस दुसऱ्याचा उल्लेख कसा करतो, हे समोरच्याला काय माहीत आहे आणि त्याला किती सांगायचे आहे यावर ठरते. सॅक्स आणि शेग्लॉफ यांचा याविषयीचा स्वतंत्र लेखच १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच बाईला तिचा मुलगा घरात ‘आई’ म्हणतो, शाळेत ‘माझी आई’ म्हणतो आणि बँकेत ‘खातेदार’ म्हणतो. त्यात खोटे काहीच नाही. ओळख ही ऐकणाऱ्याच्या मापाने शिवली जाते.

म्हणून चार ओळखी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. कॉलेजच्या मित्रांसमोर लेबलच लागले नाही, कारण त्यांना सगळे माहीत होते. काकूंसमोर ‘मैत्रीण’, कारण काकूंना सांगितलेले त्याच आठवड्यात भिशीत आणि तिथून घरी पोहोचणार होते. आईवडिलांना अजून सांगितले नसेल तर ती जागा काकूंसमोर उघड करण्याची नाही. न सांगण्याचे कारण काय, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. पण त्या क्षणापुरते ‘मैत्रीण’ समजण्यासारखे आहे. फोटोग्राफर अनोळखी होता. त्याच्यासमोर काही पणाला लागलेले नव्हते आणि तिथे ‘वहिनी’ हा शब्द बिनतक्रार चालून गेला. तिच्यासोबत दिसायची लाज वाटत असती, तर तिथेच हात आखडला असता.

उरले ते वरिष्ठ. ते त्याच्या घरच्यांना ओळखत नाहीत, गावचे नाहीत, नात्यातले नाहीत, म्हणजे घरी कळेल ही भीती इथे लागू पडत नाही. ऑफिसात खासगी गोष्टी नकोत, हे कारण असू शकते. पण ते पटायला एक अट आहे. अशा माणसाने बाकी सहकाऱ्यांसमोरही तेवढेच अंतर ठेवलेले हवे. ऑफिसच्या सहलीला ती गेली असेल, टीममधल्यांना ती माहीत असेल आणि फक्त याच एका माणसासमोर ‘फक्त’ आले असेल, तर उत्तर त्या माणसात आहे.

नवे लोक म्हणूनच जास्त बोलके ठरतात. जुन्या माणसांसमोरच्या शब्दाला घर, जात, जुने भांडण, आईची तब्येत अशी दहा कारणे चिकटलेली असतात. ज्याला आधीचे काहीच माहीत नाही, त्याच्यासमोर माणूस स्वतःचे चित्र कोऱ्या पाटीवर काढतो. त्या चित्रात कोणाला घेतले आणि कोणाला वगळले, ते तिथे स्वच्छ दिसते.

हे जोडप्यांनाही उपजत कळते. लेस्ली बॅक्स्टर आणि विल्यम विल्मॉट या संवाद अभ्यासकांनी १९८४ मध्ये ‘गुप्त चाचण्या’ नावाचा प्रकार नोंदवला. नाते कुठवर आले आहे हे थेट न विचारता माणसे ज्या क्लृप्त्यांनी जोखतात, त्यांची त्यांनी यादी केली. त्यात चारचौघांतल्या ओळखीची चाचणी आहे : दुसऱ्याची ओळख मुद्दाम ‘माझा बॉयफ्रेंड’ अशी करून द्यायची आणि तो दचकतो का ते बघायचे. पुढच्याच वर्षी त्यांनी जवळच्या नात्यांत कोणते विषय टाळले जातात, हे तपासले. सर्वाधिक टाळला जाणारा विषय निघाला ‘आपल्या नात्याचे काय चालले आहे’ हाच. विचारता येत नाही म्हणून चाचण्या घेतल्या जातात. आणि म्हणूनच कोणी न घेतलेल्या चाचणीत, जेवणाच्या रांगेत, अचानक उत्तर ऐकू आले की ते एवढे लागते.

‘मित्र’ ही ढाल असते तेव्हा

काही जोडप्यांसाठी हा प्रश्न रुसव्याफुगव्याचा नसतो. पुण्या-मुंबईत लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांना फ्लॅट शोधताना घरमालक आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांच्यासमोर आपण कोण आहोत ते ठरवावे लागते. कोणी ‘साखरपुडा झालाय’ म्हणते, कोणी ‘ऑफिसमधले सहकारी’. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय नात्यात चुकीच्या माणसासमोर खरा शब्द उच्चारणे जिवावर बेतू शकते. समलिंगी जोडप्यांचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये विवाहाची मान्यता दिली नाही. कित्येक वर्षे एका घरात राहिलेला माणूस नातेवाईकांसमोर ‘रूममेट’ असतो आणि रुग्णालयाच्या फॉर्मवर ‘मित्र’.

अशा ठिकाणी ‘मित्र’ म्हणणे ही फसवणूक नव्हे. ओळखायची खूण सोपी आहे : ढाल दोघांनी मिळून उचललेली असते. कोणासमोर काय म्हणायचे हे आधी बोलून ठरलेले असते आणि घरी परतल्यावर दोघे त्यावर हसू शकतात. एकट्यानेच ठरवलेली आणि दुसऱ्याला रांगेत उभे असताना कळलेली गोष्ट या प्रकारात मोडत नाही.

दोघांनी मिळून धरलेली ढालही जड होतेच. जस्टिन लेहमिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांचे नाते अधिक गुप्त ठेवलेले होते त्यांच्यात नात्याशी बांधिलकी कमी आणि स्वतःच्या तब्येतीच्या तक्रारी जास्त आढळल्या. लपवल्यामुळे बांधिलकी कमी झाली, की बांधिलकी कमी म्हणून लपवले, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. दोन्ही दिशांनी थोडे थोडे होत असावे.

याच्या उलट टोकालाही जाऊ नये. नाते जगाला जितके जास्त दाखवले तितके ते पक्के, असेही दिसत नाही. फेसबुकवर नाते दाखवण्याविषयीच्या २०१४ मधल्या एका अभ्यासात, जवळीक टाळण्याकडे कल असलेल्यांना नाते कमी दिसावे असे वाटत होते. पण जोडीदाराच्या मनाविषयी धास्ती असलेल्यांना ते जास्त दिसावे असे वाटत होते. दर आठवड्याला जोडीने फोटो टाकणाऱ्याच्या मनातही खात्री असेलच असे नाही.

कायद्याच्या नजरेत या ओळखीला किंमत आहे का?

एकत्र राहणाऱ्यांसाठी आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा लग्नाच्या बायकोपुरता नाही. ‘विवाहाच्या स्वरूपाच्या’ नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही त्याचे संरक्षण मिळू शकते. पण असे नाते कशाला म्हणायचे? सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात काही निकष सांगितले. दोघे सज्ञान हवेत, कायद्याने लग्नास पात्र हवेत, स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेले हवेत. आणि त्यांनी समाजापुढे स्वतःला पती-पत्नीसारखे म्हणून मांडलेले हवे. २०१३ च्या इंद्रा सर्मा खटल्यात न्यायालयाने किती काळ एकत्र राहिले, घर आणि खर्च सामायिक होता का, यांबरोबर मित्र-नातेवाईकांत ते दोघे कसे वावरत होते, हाही मुद्दा विचारात घेण्यास सांगितले.

याचा अर्थ एका रिसेप्शनमधला एक शब्द निकाल ठरवतो असा नाही. न्यायालय सगळे चित्र एकत्र पाहते : भाडेकरार, बँकेचे व्यवहार, शेजाऱ्यांचे म्हणणे. पण वर्षानुवर्षे, प्रत्येक नव्या माणसापुढे, ‘ही मैत्रीण’ एवढीच ओळख राहिली असेल, तर उद्या वेळ आल्यावर दाखवायला पुरावा थोडा उरतो. घराच्या करारावर दोघांची नावे आहेत का, हे पाहून ठेवणे त्यामुळे शहाणपणाचे. नाशिकच्या जोडप्यात करार एकट्या त्याच्या नावावर होता. अर्धे भाडे ती दरमहा त्याच्या खात्यात पाठवत होती.

मग विचारायचे काय?

अशा वेळी पहिला प्रश्न ओठांवर येतो तो ‘मी तुझी कोण?’ हा. तो स्वाभाविक आहे, पण त्याने फारसे काही हाती लागत नाही. त्याला उत्तर एकच असते, ‘‘तुला माहीत आहे ना!’’ आणि गाडीत शांतता पसरते. चुकीवरून भांडण सुरू झाले की तो चुकीचा बचाव करतो, ती आधीच्या पाच प्रसंगांची उजळणी करते आणि रांगेतला माणूस बाजूलाच राहतो.

जास्त उपयोगी प्रश्न त्या माणसाविषयीचा असतो. त्याला माझ्याविषयी काय माहीत आहे? तू काय सांगितले आहेस? त्याला खरे कळले तर काय होईल? या प्रश्नांना ठोस उत्तरे असतात आणि ती खरी की खोटी हेही पुढे कळते. ‘काही नाही गं’ हे उत्तर आले आणि पुढच्या भेटीत त्याच माणसासमोर त्याने सरळ ओळख करून दिली, तर ती खरोखर गफलत होती. विषय तिथे संपतो. ‘काही नाही’ म्हणूनही पुढच्या भेटीला तिला न नेण्याची कारणे निघू लागली, तर मात्र नाही. एक वेळ सोडून द्यावी. तिसऱ्यांदा, तिसऱ्या वेगळ्या माणसासमोर तेच घडले, तर त्याला गफलत म्हणता येणार नाही.

नाशिकहून परतताना तिने आधी पहिलाच प्रश्न विचारला होता. नारायणगावला चहाला थांबल्यावर तिने तो बदलला. ‘‘त्या सरांना तू काय सांगितलं आहेस माझ्याबद्दल?’’

तो बराच वेळ कप फिरवत बसला. मग सांगितले. कंपनीच्या म्युनिक कार्यालयात दोन वर्षांसाठी जागा निघाल्या होत्या आणि माणसे निवडणारे ते वरिष्ठच होते. नोव्हेंबरात त्याने अर्ज केला होता. मुलाखतीत सोबत कोणी येणार आहे का, असे विचारले गेले. एकट्याला पाठवणे कंपनीला सोपे पडते, म्हणून तो ‘नाही, मी सिंगल आहे’ म्हणाला. तिला सांगायचे राहून गेले, असे तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, राहून गेले असे नाही, टाळले.

रांगेत त्याने ऐकलेला न विचारलेला प्रश्न ‘हिच्यावर प्रेम आहे का’ हा नव्हता. ‘सोबत कोणी येणार आहे का’ हा होता. फोटोग्राफरसमोरची जवळीक खोटी नव्हती, आणि ‘फक्त’ही नुसती गफलत नव्हती.

म्युनिकची यादी जानेवारीअखेर लागणार आहे. त्याआधी त्याला हैदराबादला फोन करून आपले एक उत्तर दुरुस्त करायचे आहे. त्या दुरुस्तीत तिचे नाव असावे की नाही, याचा विचार करायला तिने पंधरा दिवस मागून घेतले आहेत. भाडेकरारावर आपले नाव घालायला मात्र तिने सोमवारीच एजंटला सांगितले.